टॉन्सिलचा ताप: विषाणूंचा की जिवाणूंचा?

तोंड मोठे उघडून ‘आ’ केले की पडजिभेच्या दोन्ही बाजूंना, घशाच्या कमानींच्या आत, बदामाएवढ्या दोन गाठी दिसतात. याच टॉन्सिल. त्यांचा पृष्ठभाग गुळगुळीत नसतो. त्यावर बारीक भेगा आणि खोल खाचा असतात. श्वासातून आणि अन्नातून आलेले जंतू या खाचांमध्ये अडकतात आणि तिथल्या पेशी त्यांची ओळख करून घेऊन पुढच्या प्रतिकाराची तयारी करतात. टॉन्सिल हे शरीराच्या संरक्षणयंत्रणेचेच ठाणे आहे. बालपणात ते सर्वांत जास्त कामात असते आणि किशोरवयानंतर हळूहळू आक्रसत जाते. जंतूंशी रोजची गाठ असल्यामुळे कधी ना कधी ते स्वतःच सुजते. त्यालाच टॉन्सिलायटिस म्हणतात.

सुजलेली टॉन्सिल नुसती बसल्या जागी फारशी दुखत नाही, पण आवंढा गिळला की कळ येते. गिळताना जीभ मागे सरकते, टाळूचा मऊ भाग वर उचलला जातो आणि घशाच्या भिंतीतले स्नायू आवळले जातात. टॉन्सिल याच स्नायूंना चिकटून बसलेली असल्यामुळे प्रत्येक घोटाला ती दाबली जाते. जेवण टाळता येते, पण लाळ गिळणे टळत नाही. म्हणून दुखणे दिवसभर जाणवत राहते आणि रात्री झोपेतून जाग येते. पुष्कळ मुले त्याच बाजूचा कान दुखतो असेही सांगतात. कानात बहुधा काहीच झालेले नसते. टॉन्सिलची आणि मधल्या कानाची संवेदना एकाच मज्जातंतूमार्फत मेंदूकडे जाते, त्यामुळे मेंदूला दुखण्याची जागा नेमकी उमगत नाही.

किशोरवयातल्या मुलाला ताप आला, घसा लाल झाला आणि गिळवेनासे झाले की घरात पहिला प्रश्न येतो तो अँटिबायोटिक द्यायचे की नाही हा. त्याचे उत्तर सूज विषाणूंमुळे आली आहे की जिवाणूंमुळे यावर ठरते. अँटिबायोटिक फक्त जिवाणूंवर चालते. विषाणूंवर ते कितीही भारी, कितीही महाग असले तरी काहीच करत नाही. मुलांमधल्या घसादुखीपैकी बहुतेक विषाणूंमुळे होते. दहापैकी दोन ते तीन मुलांमध्ये कारण जिवाणू असतो आणि तो बहुतेक वेळा एकच असतो: ‘अ’ गटातला स्ट्रेप्टोकॉकस. डॉक्टर त्याला थोडक्यात ‘स्ट्रेप’ म्हणतात. पाच ते पंधरा या वयात तो सर्वांत जास्त आढळतो. त्याहून मोठ्या माणसांत हे प्रमाण बरेच कमी होते. किशोरवय या दोहोंच्या सीमेवर असल्यामुळे निदान अधिक विचाराने करावे लागते.

विषाणूंचे दुखणे सहसा एकटे येत नाही. सर्दीचे, फ्लूचे आणि ॲडिनो गटातले विषाणू नाकापासून श्वासनळीपर्यंतचे सगळे अस्तर धरतात. म्हणून घशाबरोबर नाक वाहते, शिंका येतात, खोकला होतो, आवाज बसतो, डोळे लाल होतात. काही विषाणूंमुळे तोंडात आणि टाळूवर बारीक फोड येतात, कधी जुलाबही होतात. सुरुवात बहुधा हळू होते. आदल्या दिवशी कणकण आणि घशात खवखव, दुसऱ्या दिवशी ताप, तिसऱ्या दिवशी सर्दी. घसा लाल असतो, पण दुखणे घशापुरते राहत नाही.

स्ट्रेपचे दुखणे मात्र घशातच ठाण मांडते. दुपारपर्यंत बरा असलेला मुलगा संध्याकाळी थंडी वाजून तापाने फणफणतो. घसा एकाएकी इतका दुखू लागतो की पाण्याचा घोट घेतानाही तोंड वाकडे होते. डोके दुखते, अंग दुखते. बऱ्याच मुलांचे पोट दुखते आणि एखादी उलटीही होते, त्यामुळे सुरुवातीला घरच्यांना पोट बिघडल्याचाच संशय येतो. जबड्याच्या कोनाखाली अवधाण येते, म्हणजे तिथली गाठ सुजते आणि बोटाने दाबली की दुखते. आणि या सगळ्यात नाक कोरडे असते, खोकला नसतो. निदानाच्या दृष्टीने खोकल्याचा हा अभाव तापाइतकाच महत्त्वाचा आहे.

इथे एक समज दूर करायला हवा, कारण बरीच अनावश्यक औषधे त्याच्यापायी घेतली जातात. टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसले म्हणजे ‘पू झाला’, आणि पू झाला म्हणजे अँटिबायोटिक हवेच, असे सर्रास मानले जाते. प्रत्यक्षात ते ठिपके म्हणजे टॉन्सिलच्या खाचांमध्ये साठलेल्या मेलेल्या पेशी, पांढऱ्या रक्तपेशी आणि जंतू. ते स्ट्रेपमध्ये दिसतात, तसेच ॲडिनोव्हायरसमध्येही दिसतात. ज्याचा उल्लेख पुढे येणार आहे त्या मोनोन्यूक्लिओसिसमध्ये तर दोन्ही टॉन्सिल पांढऱ्या थराने झाकून जातात. उलट स्ट्रेपचा घसा कधी नुसताच लालभडक असतो, ठिपका एकही नसतो. टॉर्च मारून नुसता घसा पाहायचा आणि जंतू ओळखायचा, हे मुरलेल्या डॉक्टरांनाही खात्रीने जमत नाही.

मग ओळखायचे कसे? अमेरिकेतले डॉक्टर रॉबर्ट सेंटॉर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये यासाठी चार साधी लक्षणे निवडली. ३८ अंश सेल्सिअसच्या वर, म्हणजे सुमारे १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, खोकला नसणे, मानेच्या पुढच्या भागात दुखऱ्या गाठी, आणि सुजलेल्या किंवा पांढरे ठिपके असलेल्या टॉन्सिल. प्रत्येकाला एक गुण. पुढे १९९८ मध्ये कॅनडातले डॉक्टर मॅकायझॅक यांनी त्यात वयाची भर घातली: तीन ते चौदा वर्षांच्या मुलाला एक गुण जास्त, पंधरापासून पुढे शून्य आणि पंचेचाळिशीनंतर एक गुण वजा. एकूण शून्य किंवा एक गुण आला तर स्ट्रेप असण्याची शक्यता दहा टक्क्यांहून कमी असते. चार किंवा पाच गुण आले तर ती सुमारे निम्म्यावर जाते.

हा शेवटचा आकडा नीट लक्षात घ्यायला हवा. सगळी लक्षणे जुळली तरी निम्म्या मुलांमध्ये स्ट्रेप नसतोच. म्हणजे गुणांवरून ‘हा नक्की स्ट्रेप नाही’ हे बऱ्यापैकी सांगता येते, पण ‘हा नक्की स्ट्रेप आहे’ असे सांगता येत नाही. ते सांगायला घशातला नमुना तपासावा लागतो. कापसाचा बोळा लावलेली काडी दोन्ही टॉन्सिलवरून आणि घशाच्या मागच्या भिंतीवरून जोर देऊन फिरवतात. त्या क्षणी मुलाला उबळ आली, तर नमुना योग्य जागेवरून घेतला गेला असे समजावे. काडी जिभेला किंवा गालाला पुसून बाहेर आली तर तपासणीला काही अर्थ राहत नाही. हा नमुना प्रयोगशाळेत रक्त मिसळलेल्या पोषक थरावर वाढवला की एक-दोन दिवसांत उत्तर मिळते. स्ट्रेपच्या वसाहतीभोवतीच्या रक्तपेशी फुटतात आणि तिथे स्वच्छ पारदर्शक कडे उमटते. झटपट चाचणी उपलब्ध असेल तर दहा मिनिटांत निकाल कळतो. ती होकारार्थी आली तर जवळजवळ निश्चित मानता येते. नकारार्थी आली तरी काही रुग्ण तिच्या नजरेतून सुटतात, म्हणून मुलांच्या बाबतीत शंका उरली तर नमुना वाढवून पाहणे योग्य ठरते.

आपल्याकडे याऐवजी रक्ताची ‘एएसओ’ चाचणी करून घेण्याची पद्धत फार रुळली आहे. तिचा या कामी उपयोग नाही. स्ट्रेपविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांचे प्रमाण ती मोजते. ही प्रतिपिंडे वाढायला एक-दोन आठवडे लागतात आणि एकदा वाढली की काही महिने वाढलेलीच राहतात. आज घसा दुखतो आहे आणि आजच एएसओ जास्त आला, तर तो दोन महिन्यांपूर्वीच्या संसर्गाची खूण असू शकतो. संधिवाताच्या तापाचा संशय असेल तेव्हा, म्हणजे घसा बरा होऊन गेल्यानंतर, ही चाचणी कामाची असते. रक्तातल्या पेशींची नेहमीची मोजणीही थोडी दिशा दाखवते, पण एकटी निर्णय देऊ शकत नाही.

हे सगळे प्रत्यक्षात कसे लागू होते ते पाहण्यासाठी नववीतल्या एका चौदा वर्षांच्या मुलाचे उदाहरण घेऊ. वजन ४६ किलो. सोमवारी शाळेतून आला तेव्हा ठीक होता. संध्याकाळी सातला हुडहुडी भरली, ताप १०२.५ निघाला, एक उलटी झाली आणि रात्री पोळीचा घास खाली उतरेना. मंगळवारी सकाळी डॉक्टर जीभ दाबून पाहतात. दोन्ही टॉन्सिल मोठ्या आणि लाल आहेत, त्यांवर पिवळट ठिपके आहेत आणि टाळूच्या मऊ भागावर टाचणीच्या टोकाएवढे लाल बिंदू आहेत. जबड्याखालची गाठ दाबताच मुलगा डोके मागे घेतो. नाक कोरडे, छाती स्वच्छ, खोकला नाही, अंगावर पुरळ नाही. ताप, खोकल्याचा अभाव, दुखरी गाठ, टॉन्सिल आणि वय मिळून पाच गुण होतात. नमुना घेतला जातो, झटपट चाचणी होकारार्थी येते. त्याला ॲमॉक्सिसिलिनच्या ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ दहा दिवस दिल्या जातात. एकूण वीस कॅप्सूल.

त्याच दिवशी दवाखान्यात सोळा वर्षांची एक मुलगी येते. तिचा ताप १०१ आहे आणि तिच्याही टॉन्सिलवर पांढरे ठिपके आहेत. पण तिचे नाक वाहते आहे, दोन दिवसांपासून खोकला आहे, डोळे लाल आहेत आणि मानेतली गाठ दुखत नाही. ताप आणि टॉन्सिल मिळून दोन गुण होतात, आणि नाक-डोळ्यांची लक्षणे उघड विषाणूंकडे बोट दाखवतात. तिला चाचणीचीही गरज नाही. ताप उतरवणारे औषध, भरपूर पाणी आणि विश्रांती एवढेच तिला पुरे आहे. तिचा ताप तीन-चार दिवसांत उतरेल आणि घसा आठवड्याभरात मोकळा होईल. या दोघांचे घसे शेजारी शेजारी ठेवून फोटो काढला असता, तर कोणाला अँटिबायोटिक द्यायचे हे त्यावरून सांगता आले नसते.

मुलाचा ताप बुधवारी रात्रीपर्यंत उतरतो. गुरुवारी तो नीट जेवतो. अशा वेळी उरलेल्या कॅप्सूल कपाटात ठेवून देण्याचा मोह बहुतेक घरांत होतो, आणि त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे: बरे वाटले, मग औषध कशाला? पण बरे वाटणे हा या औषधाचा मुख्य हेतूच नव्हता. स्ट्रेपचा घसा औषध न घेताही तीन ते पाच दिवसांत बरा होऊ लागतो. अँटिबायोटिकने दुखणे सरासरी एखादा दिवसच आधी थांबते. औषध दहा दिवस घ्यायचे ते पुढे येऊ शकणाऱ्या एका वेगळ्या आजारासाठी. तो म्हणजे संधिवाताचा ताप, ज्याला डॉक्टर ऱ्हुमॅटिक फीव्हर म्हणतात.

स्ट्रेपच्या बाह्य आवरणावरच्या काही प्रथिनांची रचना माणसाच्या हृदयातल्या ऊतींशी मिळतीजुळती असते. जिवाणूविरुद्ध तयार झालेला प्रतिकार काही मुलांमध्ये चुकून स्वतःच्या हृदयावर आणि सांध्यांवर उलटतो. घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजतो, दोन दिवसांनी तो उतरून घोटा सुजतो, मग कोपर. सांधे पुढे पूर्ण बरे होतात. हृदयाच्या झडपा मात्र जखमी होतात आणि कायमच्या जाड व आकुंचित होऊ शकतात, विशेषतः डाव्या बाजूची मायट्रल झडप. त्याचा त्रास कधी कधी पंधरा-वीस वर्षांनी, मुलींमध्ये तर गरोदरपणी दम लागू लागल्यावर उघड होतो. श्रीमंत देशांतून हा आजार जवळपास हद्दपार झाला आहे. भारतात तो आजही आहे, आणि दाटीवाटीने राहणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांना त्याचा धोका जास्त असतो.

पेनिसिलिनने हा आजार टाळता येतो हे अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या वॉरन हवाई तळावर सिद्ध झाले. तिथे बराकींमध्ये राहणाऱ्या तरुण जवानांत स्ट्रेपच्या साथी वारंवार येत. संशोधकांनी घसा आलेल्या सुमारे ८०० जवानांना पेनिसिलिन दिले आणि जवळजवळ तेवढ्याच जवानांना दिले नाही. १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात, औषध न मिळालेल्यांपैकी १७ जणांना संधिवाताचा ताप आला होता आणि औषध मिळालेल्यांपैकी दोघांना. त्यापुढच्या अभ्यासांतून आणखी एक दिलासा देणारी गोष्ट कळली. दुखणे सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू केले तरी हे संरक्षण मिळते. म्हणून चाचणीच्या निकालासाठी दोन दिवस थांबल्याने काही बिघडत नाही. पहिल्याच रात्री घाईघाईने हाती लागेल ते अँटिबायोटिक सुरू करण्याचे कारण नाही.

दहा दिवस लागतात कारण घशातून जिवाणू पूर्ण नाहीसा व्हायला तेवढा काळ जावा लागतो. लक्षणे थांबली तरी टॉन्सिलच्या खाचांमध्ये तो तग धरून असतो. संधिवाताचा ताप नाहीसा झालेल्या ब्रिटनसारख्या देशात आता पाच दिवसांचा कोर्सही मान्य आहे, पण भारतातल्या मुलांसाठी दहा दिवसच धरून चालणे शहाणपणाचे आहे. मुलगा एवढे दिवस गोळ्या घेईल याची खात्री नसेल तर बेंझाथीन पेनिसिलिनचे एकच इंजेक्शन पुरते. २७ किलोच्या वरच्या मुलाला १२ लाख युनिट. ते दुखते, पण औषध तीन आठवडे हळूहळू रक्तात उतरत राहते. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का हे देण्यापूर्वी विचारलेच पाहिजे.

औषधाच्या दुकानातून विनाचिठ्ठी मिळणाऱ्या तीन दिवसांच्या ॲझिथ्रोमायसिनबद्दल स्पष्ट लिहिले पाहिजे. पेनिसिलिनला दाद न देणारा ‘अ’ गटातला स्ट्रेप दवाखान्यांत आजवर आढळलेला नाही. ऐंशी वर्षे वापरूनही या जिवाणूवर ते तितकेच प्रभावी आहे. ॲझिथ्रोमायसिनचे तसे नाही. त्याला न जुमानणारे स्ट्रेप जगभर सापडतात. ते पेनिसिलिनची खरी ॲलर्जी असलेल्यांसाठी राखून ठेवायचे औषध आहे. सोयीचे, कमी गोळ्यांचे आणि महाग असले म्हणून ते अधिक चांगले ठरत नाही.

औषध सुरू केल्यावर बारा ते चोवीस तासांत मुलापासून इतरांना लागण होण्याची शक्यता बरीच कमी होते. ताप उतरला आणि एक दिवसाचे औषध पोटात गेले की शाळेत पाठवायला हरकत नाही. तोवर पाण्याचा पेला आणि चमचा वेगळा ठेवावा. घरातल्या कोणाला लक्षणे नसतील तर त्यांची तपासणी करण्याचे कारण नाही, कारण काही निरोगी मुलांच्या घशातही स्ट्रेप निरुपद्रवीपणे राहत असतो. याच कारणामुळे सर्दी-खोकला झालेल्या मुलाची उगाच चाचणी केली, तर ती होकारार्थी येऊन दिशाभूल होऊ शकते.

दुखणे विषाणूंचे असो वा जिवाणूंचे, पहिल्या दोन-तीन दिवसांतला त्रास कमी करण्याचे उपाय सारखेच आहेत. पॅरासिटामॉलने तापही उतरतो आणि घशाची कळही कमी होते. मात्रा वजनावर ठरते: दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. वरच्या उदाहरणातल्या ४६ किलोच्या मुलाला ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांमध्ये निदान चार ते सहा तासांचे अंतर आणि दिवसभरात चारहून जास्त नाही. जेवणाआधी अर्धा-पाऊण तास गोळी दिली तर घास गिळणे सुसह्य होते. ॲस्पिरिन या वयात देऊ नये, कारण विषाणूंच्या तापात त्यामुळे क्वचित मेंदू आणि यकृताला गंभीर इजा होते. डेंग्यूची साथ असेल तेव्हा आयब्युप्रोफेनही टाळावे, रक्तस्रावाचा धोका वाढतो. कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून केलेल्या गुळण्यांनी जंतू मरत नाहीत, पण घशाला आराम पडतो. पेज, मऊ भात, ताक, सूप यांतले जे उतरेल ते द्यावे. गार पदार्थांनी घसा बिघडतो असे मानून मुलाला ते नाकारले जातात, पण आइस्क्रीमने कळ कमी होऊन चार घास पोटात जात असतील तर ते द्यायला हरकत नाही. खरा धोका पाणी कमी पडण्याचा असतो. आठ तासांत लघवी झाली नाही किंवा ती गडद होऊ लागली तर मुलगा गिळायला टाळतो आहे हे समजावे.

किशोरवयात आणखी एक विषाणू स्ट्रेपचे हुबेहूब सोंग घेतो. एप्स्टाइन-बार नावाचा हा विषाणू लाळेतून पसरतो. बालपणी झाला तर तो बहुधा लक्षातही येत नाही. किशोरवयात किंवा तारुण्यात प्रथमच झाला तर मात्र मोनोन्यूक्लिओसिस होतो. घसा भयंकर दुखतो, टॉन्सिल पांढऱ्या होतात, ताप आठवडा-दोन आठवडे हटत नाही. फरक बारकाईने पाहिल्यास कळतो. मानेच्या फक्त पुढच्या नव्हे तर मागच्या बाजूलाही गाठी लागतात, पापण्या सुजतात आणि थकवा इतका असतो की मुलगा दिवसभर अंथरुणातून उठत नाही. अशा मुलाला स्ट्रेप समजून ॲमॉक्सिसिलिन दिले तर पुष्कळदा काही दिवसांत सर्वांगावर लाल पुरळ उठते. घरात ती ‘ॲलर्जी’ म्हणून नोंदली जाते आणि पुढे आयुष्यभर त्या माणसाला पेनिसिलिन नाकारले जाते, वास्तविक ती बहुधा खरी ॲलर्जी नसते. म्हणून योग्य अँटिबायोटिक सुरू करून तीन दिवस झाले तरी ताप तसाच असेल, तर भारी औषध चढवण्याऐवजी निदान पुन्हा तपासावे. या आजारात प्लीहा सुजते आणि पोटावर आघात झाल्यास ती फुटू शकते. कबड्डी, कुस्ती, फुटबॉल यांपासून निदान तीन आठवडे, आणि डॉक्टर म्हणतील तोवर, लांब राहायला हवे.

काही खुणा दिसल्या तर सकाळची वाट पाहू नये. दुखणे एकाच बाजूला वाढत गेले, तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना, लाळ गिळता न आल्याने ओठातून गळू लागली, बोलणे जड आणि अस्पष्ट झाले आणि पडजीभ दुसऱ्या बाजूला ढकललेली दिसली, तर टॉन्सिलच्या मागे पू साठला आहे. किशोर आणि तरुणांमध्ये हे होते. नाक-कान-घशाचे डॉक्टर सुईने किंवा छोटा छेद देऊन तो पू काढतात. नुसत्या गोळ्यांनी तो सहसा जिरत नाही. श्वास घेताना आवाज होणे किंवा मान आखडणे हीदेखील रुग्णालयात जाण्याचीच कारणे आहेत.

घटसर्पही आपल्याकडून पुरता गेलेला नाही. त्यात ताप बेताचाच असतो, पण टॉन्सिलवर राखाडी रंगाचा चिवट पापुद्रा धरतो. तो पसरत टाळूवर आणि पडजिभेवर जातो आणि खरवडला तर रक्त येते. मान दोन्ही बाजूंनी सुजते. या रुग्णाला प्रतिविष देणे तातडीचे असते, चाचणीच्या निकालासाठी थांबायचे नसते. लहानपणच्या लसीचे संरक्षण वयानुसार ओसरते, म्हणून राष्ट्रीय लसीकरणात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात आणि घटसर्पाची एकत्र लस दिली जाते. बाळाची लसपत्रिका जपणाऱ्या घरांतही नेमके हे दोन डोस राहून जातात.

वारंवार टॉन्सिल सुजणाऱ्या मुलाची टॉन्सिल काढावी का, हा प्रश्न उरतो. पूर्वी दोन-तीनदा घसा आला की शस्त्रक्रिया सुचवली जाई. आता निकष कडक आहेत: एका वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षे दरवर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी तीन वेळा. आणि प्रत्येक वेळी नुसता घसा दुखून भागत नाही. १०१ फॅरनहाइटच्या वर ताप, मानेत गाठ, टॉन्सिलवर ठिपके किंवा होकारार्थी चाचणी यांपैकी निदान एक खूण डॉक्टरांनी नोंदवलेली असावी लागते. म्हणून अशा मुलाच्या घरी एक वही ठेवावी आणि तीत प्रत्येक वेळची तारीख, सर्वांत जास्त ताप, खोकला होता की नाही, चाचणीचा निकाल आणि दिलेले औषध लिहून ठेवावे. शस्त्रक्रियेचा निर्णय घेताना डॉक्टरांना हीच माहिती लागते, आणि ती आठवणीतून कधीच नीट सांगता येत नाही.